आधी भरा, मग माफी घ्या

इन्कम टॅक्सच्या रिफंडची वाट पाहणाऱ्याला बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून मेल येतो. रिफंड निघतोय, पण जुन्या डिमांडपोटी तो वळता करायचा आहे, हरकत असेल तर दिलेल्या मुदतीत कळवा. हा मेल बऱ्याचदा पोचतो तो ज्या टॅक्सवाल्याने रिटर्न भरताना स्वतःचाच ईमेल आणि मोबाइल टाकला होता त्याच्याकडे. त्याआधीची डिमांडची मूळ नोटीस उल्हासनगरच्या कॅम्पातल्या जुन्या खोलीवर गेलेली असते आणि साहेब केव्हाच बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलेले असतात. मुदतीत कोणी बोललं नाही की खात्याच्या लेखी तुमची संमती. लग्नातसुद्धा आक्षेपाला याहून बरी संधी मिळते.

ही डिमांड येते कुठून? समजा, अंबरनाथच्या एका कामगाराने 2008-09 या आर्थिक वर्षाच्या कराचे 7,400 रुपये बँकेत भरले. चलानावर असेसमेंट इयर लिहायचं होतं 2009-10. त्याने लिहिलं 2008-09, कारण पगार त्याच वर्षीचा. पैसे सरकारजमा झाले, पण चुकीच्या खणात. एका वर्षी जास्तीचे पडून, दुसऱ्या वर्षी थकबाकी. दोन्ही खण एकाच पॅनचे, तरी एकाने दुसऱ्यात डोकावायचं नाही असा शिष्टाचार. थकबाकीवर मात्र महिन्याला एक टक्का व्याज न चुकता चढतं. दहा वर्षांत ते झालं 8,880. 2020 मध्ये त्याचा 15,000 चा रिफंड निघाला आणि सगळा या खड्ड्यात गेला. वर 1,280 देणं उरलंच.

याला कायदाच नाही, असं म्हणायची सोय नाही. कलम 245 सांगतं, आधी लेखी कळवा, मग वळतं करा. एका चार्टर्ड अकाउंटंटच्या पत्राची जनहित याचिका करून दिल्ली उच्च न्यायालयाने 14 मार्च 2013 रोजी हेच बजावलं. अधिकाऱ्यांनी जुन्या थकबाक्या न तपासता संगणकात चढवल्या, असं त्या प्रकरणात पुढे आलं. ज्याला मूळ सूचना पोचलीच नाही त्याच्याकडून ती डिमांड वसूल करता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं.

मग 2024 चा अंतरिम अर्थसंकल्प आला. काही डिमांड 1962 पासूनच्या आहेत, त्या न तपासलेल्या, न जुळलेल्या आहेत आणि प्रामाणिक करदात्यांचे रिफंड अडवतात, हे अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं. असेसमेंट इयर 2010-11 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2011-12 ते 2015-16 च्या 10,000 रुपयांपर्यंतच्या डिमांड रद्द झाल्या. माणशी कमाल मर्यादा एक लाख. टाळ्या. म्हणजे ज्याने कर भरलाच होता त्याला तो माफ झाला!

पण आपल्या अंबरनाथकराचं काय? माफी 31 जानेवारी 2024 ला बाकी असलेल्या डिमांडना. त्याचे 15,000 आधीच गेले होते, आणि या माफीमुळे रिफंड मागायचा हक्क मिळणार नाही, असं आदेशातच लिहिलं आहे. त्याला माफ झाली ती शिल्लक. शेजाऱ्याने तीच चूक केली होती, पण त्याला कधी रिफंडच निघाला नाही. त्याची अख्खी डिमांड पुसली गेली.

2016-17 पासूनच्या डिमांडना ही माफी नाही, त्यामुळे खेळ चालूच आहे. पोर्टलवर Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand उघडा. तिथे ‘डिमांड बरोबर आहे’ हा पर्याय रिफंड लवकर सुटेल म्हणून निवडू नका, कारण मग नंतर हरकत घेता येत नाही. असहमतीचा पर्याय घ्या, ‘आधीच भरली’ हे कारण द्या आणि चलानाच्या काउंटरफॉइलवरचे तीन आकडे भरा: बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरल्याची तारीख, पाच अंकी अनुक्रमांक. चलानावर वर्षच चुकलं असेल तर एवढ्याने भागत नाही. आधी चलान दुरुस्त करून घ्यायचं, मग डिमांड. ऑनलाइन झालं नाही तर पत्र घेऊन कल्याणच्या अधिकाऱ्याकडे जायचं आणि पोच घ्यायची.

खात्याला सहा दशकांची नोंद जुळवता आली नाही म्हणून त्याने ती पुसली. तुम्हाला मात्र पंधरा वर्षांपूर्वीचा कागदाचा चिटोरा दाखवता आला पाहिजे. सरकारी हिशेबात विसरण्याची मुभा एकाच बाजूला आहे.