शिक्का बरोबर, उत्तर उलटं

बंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या मराठी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान मोजायचा, असं एखाद्या एम.ए.च्या मुलीने ठरवलं असं धरा. (रसेल मार्केटवालं शिवाजीनगर. पुण्याच्या वाचकांनी खाली बसावं.) गाइड सांगतात : प्रश्नावली मराठीत कर, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ती परत इंग्रजीत करून घे. दोन्ही इंग्रजी जुळली की एथिक्स कमिटीला सर्टिफिकेट जोड. मुलगी करते. जुळतं. शिक्का बसतो.

आता गंमत अशी की भाषांतर वाईट असलं तर बऱ्याचदा ते जास्त छान जुळतं. नैराश्य मोजणारी लेनोर रॅडलॉफ यांची १९७७ची प्रश्नावली घ्या. तिच्यात घरच्यांनी मदत करूनही 'ब्लूज' झटकता न येण्याचं एक विधान आहे. कुणी बहाद्दराने त्याचं 'मला निळेपणा झटकता आला नाही' केलं, तर परत नेणारा हुशार गडी क्षणात 'ब्लूज' लिहून मोकळा होतो. दहा पैकी दहा! याउलट कुणी नेटकं 'मनावरचं मळभ जाईना' लिहिलं, तर परत येताना ढग येतात आणि गाइडांच्या कपाळावर आठ्या.

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्येच हा धोका सांगून ठेवला होता. परत नेणारा तरबेज असेल तर तो मोडक्या वाक्यातूनही अर्थ लावून घेतो. आणि भाषांतरात मूळ इंग्रजीचाच सांगाडा राहिला असेल तर काम आणखी सोपं. कमिट्यांनी पद्धत घेतली, इशारा ठेवून दिला.

आपल्या मुलीने घेतलंय रोझेनबर्गचं स्केल. १९६५चं, न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलांवर तयार झालेलं, दहा विधानांचं, पाच सुलटी, पाच उलटी. आठवं विधान साधारण असं : 'मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे.' शब्दाला शब्द बरोबर. परतही तसंच येतं. पण मोजणीच्या नियमानुसार इथे 'सहमत' म्हणणाऱ्याचे गुण कापायचे, कारण इच्छा आहे म्हणजे आज आदर कमी आहे. आमच्या घरांत मात्र अधिकाची इच्छा धरणारं पोर गुणी समजलं जातं. वर्गातला पहिलाही टिक करणार आणि खचलेलाही. हाँगकाँग, मलेशियातही या विधानाने असाच दगा दिलाय. तो पकडायचा तर उलट्या विधानांचे गुण फिरवून घ्यायचे आणि आठव्याचा बाकी नवांच्या बेरजेशी सहसंबंध काढायचा. तो शून्याजवळ किंवा उणे आला, की विधान दुसरंच काहीतरी मोजतंय.

दुसरा घोळ कागदावर दिसतच नाही. या मुलांपैकी कित्येकांची शाळा कन्नड किंवा इंग्रजी. घरी मराठी फाडफाड, देवनागरी मात्र अडखळत. मग मुलगी विधान वाचून दाखवते : 'अभिमान वाटावा असं माझ्याकडे फारसं काही नाही. असं वाटतं का?' पोरगा म्हणतो, 'नाही.' आता हे 'नाही, फारसं काही नाही' की 'नाही, असं मुळीच नाही'? मराठीत दोन्ही चालतं. मुलगी घाईत 'असहमत' लिहिते आणि खचलेला पोरगा कागदावर आत्मविश्वासाने फुलतो. म्हणून तोंडी विचारताना 'असं वाटतं का' ही शेपटी तोडायची. 'हे वाक्य तुला लागू आहे की लागू नाही' एवढे दोनच पर्याय आधी द्यायचे, मग पूर्ण की थोडं ते विचारायचं. तीच व्यक्ती सुलट्या आणि उलट्या, सगळ्याच विधानांना सहमत होत गेली, तर तो फॉर्म बाजूला काढून बघायचा.

यावर उपाय आहे, फक्त त्याला शिक्का मिळत नाही. खऱ्या सर्व्हेच्या आधी तिथल्याच, पण सर्व्हेत नसलेल्या मुलांपुढे प्रश्नावली ठेवायची. वैद्यकीय प्रश्नावल्यांच्या २०००च्या एका प्रचलित मार्गदर्शिकेत या टप्प्याला तीस ते चाळीस माणसं सांगितलीत. प्रत्येक विधानानंतर विचारायचं : 'हे तुझ्या शब्दांत सांग' आणि 'इथेच टिक का केलीस?' आठव्याशी पाच-सहा पोरं 'आदर वाढला तर चांगलंच ना!' म्हणाली की पुण्यात बसून परत इंग्रजी करणाऱ्या गृहस्थांचं सर्टिफिकेट त्या विधानापुरतं बाद. युरोपियन सोशल सर्व्हेवाले तर उलट भाषांतरावर विसंबतच नाहीत. दोघं वेगवेगळं भाषांतर करतात, मग एका टेबलाशी बसून भांडतात, आणि का बदललं ते लिहून ठेवतात.

आठवं काढलं तर गाइड म्हणणार, 'नऊ विधानांची बेरीज बाहेरच्या अभ्यासांशी ताडता येणार नाही.' खरंय. ठेवलं तर ताडता येईल, पण कशाशी काय, ते विचारू नका. शहाणी मुलगी दोन्ही बेरजा छापेल, दहाची आणि नऊची, आणि त्या पोरांची उत्तरं परिशिष्टात टाकेल. तिथे कमिटी वाचायला जात नाही, त्यामुळे कुणी हरकत घेण्याचा प्रश्न नाही.