प्रस्तावना नाकारावी कशी?

मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त होतो, वर्षभर कुणाला दिसत नाही आणि एके दिवशी स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा घेऊन दारात उभा राहतो. आत्मकथन आहे. "नुसतं चाळ रे," म्हणून ठेवून जातो. तुम्ही साठाव्या पानापर्यंत, म्हणजे धरणाच्या पायाभरणीपर्यंत पोचता आणि तिथेच मुक्काम पडतो. मग फोन येतो : "प्रस्तावना तूच लिहायचीस." पुढील मार्गदर्शन या क्षणापासून लागू होते.

'वेळ नाही' असे म्हणू नये. मित्र प्रकाशन दसऱ्यावरून पाडव्यावर ढकलेल आणि मधले सहा महिने दर रविवारी चौकशी करेल. 'माझी तेवढी योग्यता नाही' हे तर चुकूनही म्हणू नये. मराठीत निम्म्या प्रस्तावनांची सुरुवात याच वाक्याने होते, त्यामुळे तो तुमचा होकार समजला जाईल. 'एखाद्या मोठ्या लेखकाला विचार' हेही निरुपयोगी. मोठा लेखक या विद्येत मुरलेला असतो. "तुमच्या जवळच्या माणसाने लिहिलेले जास्त हृद्य होईल," असे सांगून तो मित्राला पुन्हा तुमच्याच दारी पाठवतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाचतोय, मस्त जमलंय' असे तर कदापि लिहू नये. ते वाक्य तुमच्या नावानिशी थेट मलपृष्ठावर भेटते.

मग मोह होतो, न वाचताच लिहून टाकावी. कृती सोपी आहे. एक पान आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावर, एक पान लेखकाच्या मनमिळाऊ स्वभावावर, पहिल्या प्रकरणातला एक उतारा आणि शेवटी 'बाकी वाचकांनी स्वतःच अनुभवावे'. मात्र मुरलेला वाचक हे चटकन ओळखतो. सगळी उदाहरणे पहिल्या साठ पानांतली निघाली की तो समजून हसतो. त्यात तुम्ही 'आईच्या मायेचे हृद्य चित्रण' असे ठोकून द्यावे आणि ऐंशीव्या पानावर निघावे की लेखकाला आत्याने वाढवले, हा धोका वेगळाच.

मित्र अभ्यासू असेल तर दाखला देईल : कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'ला खांडेकरांची प्रस्तावना होती. खरे आहे. १९४२ साली तो संग्रह प्रकाशितही खांडेकरांनीच केला. तेव्हा शांतपणे म्हणावे, "खांडेकरांनी कविता वाचल्या होत्या." मात्र यानंतर ताबडतोब विषय बदलावा, नाहीतर "मग तूही वाच ना," हे उत्तर येते आणि त्याला तोड नाही.

नाकारण्याआधी प्रस्तावना हवी आहे ती नेमकी कुणाला, हे काढून घ्यावे. बरेचदा ती प्रकाशकाला हवी असते आणि तीही पानांसाठी. पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फॉर्मांत छापतात. आपल्या मित्राचा मजकूर श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका धरून २०४ पाने भरला आहे. तेरा फॉर्म म्हणजे २०८. चार पाने कोरी राहतात, आणि कोरी पाने पाहून प्रकाशकाला साहित्यिक आठवतात. हे कळले की निम्मे काम झाले. चार पाने भरायला तुम्हीच लागता असे नाही. मित्राचे मनोगत दोन पानांचे आहे, ते सहा पानांचे करायला सांगा. निवृत्त माणसाला यात काडीची अडचण येत नाही. धरणाचा नकाशा किंवा जुने फोटो निघाले तर उत्तमच.

त्यानंतर नकार. तो फोनवर देऊ नये, कारण फोनवर आपण विरघळतो. लिहून पाठवावा, सगळा मिळून पाच ओळी : "अरे, तुझं पुस्तक मी साठ पानांपर्यंतच वाचलंय. पुढे वाचणं झालं नाही, तो दोष माझा. न वाचता प्रस्तावना लिहिली तर ती तुझ्या पुस्तकात कायमची राहील, आणि ते मला नको आहे. चार पानांचं काय करायचं ते प्रकाशकाशी बोलून ठरवू, मी बरोबर येतो. मुकादमाचा प्रसंग मात्र फार आवडला." शेवटचे वाक्य गाळू नये. प्रसंग खरोखर वाचलेल्या साठ पानांतलाच असावा, आणि त्यात 'मस्त', 'अप्रतिम', 'कालातीत' असला एकही मलपृष्ठावर चढण्याजोगा शब्द नसावा.

हे सगळे मुखपृष्ठ छपाईला जाण्याआधी उरकावे. 'प्रस्तावना' या शब्दापुढे तुमचे नाव एकदा छापले गेले की नकाराला अर्थ उरत नाही, मग पुस्तकच वाचावे लागते. आणि प्रकाशन समारंभाला जरूर जा. प्रत विकत घ्या, सप्रेम भेट मागू नका.