‘च’ इकडचा, ‘च’ तिकडचा

कुणाच्या बोलण्यात ‘तरच’ आला की प्रस्तुत लेखकाचे कान टवकारतात. पाहुणा म्हणतो, “साखर कमी असेल तरच चहा घेईन.” लेखक मनात लगेच c → s असे मांडतो: चहा घेतला, तर साखर कमी होती. मग कमी साखरेचा चहा समोर येतो आणि पाहुणा तरीही नको म्हणतो. घरचे त्याला तऱ्हेवाईक ठरवतात. लेखक मात्र त्याच्याकडे आदराने पाहतो, कारण वाक्य कुठेही खोटे पडलेले नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात अशा विद्वत्तेला गिऱ्हाईक बेताचेच. तरी बारावीच्या गणिताचे पहिले प्रकरण तर्कशास्त्राचे असल्यामुळे वर्ष सुरू होताना लेखकाला थोडे दिवस भाव येतो. नात्यातली मुले वह्या घेऊन येतात आणि लेखक खुर्चीत जरा ताठ बसतो. मुलांची गाडी अडते ती ‘आणि’, ‘किंवा’वर नाही, ‘तरच’वर. कारण पुस्तकात जे आधी लिहिले आहे ते बाणाच्या शेपटाला आणि जे नंतर आहे ते टोकाला, अशी त्यांची समजूत असते.

त्यांना लेखक कृष्णाकाठी नेतो, म्हणजे वहीतच. p म्हणजे सांगलीत पाऊस पडतो, q म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी वाढते. आता दोन वाक्ये बोलून पाहा. “पाऊस पडला तर पाणी वाढतेच.” “पाऊस पडला तरच पाणी वाढते.” शब्द तेच, फक्त ‘च’ वाक्याच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, आणि बाण उलटा फिरला. पहिले p → q, दुसरे q → p.

पटत नसेल तर वाक्य कशाने खोटे पडेल ते शोधायचे. सत्यता सारणीत अशा वाक्याची एकच ओळ असत्य असते. ती सापडली की बाण आपोआप सापडतो. पहिले वाक्य खोटे पाडायला पाऊस पडून पाणी न वाढलेला दिवस लागतो, आणि असे भुरभुरीचे दिवस सांगलीत पुष्कळ. दुसरे खोटे पाडायला पाऊस नसताना पाणी वाढलेला दिवस लागतो. तोही सांगलीकरांना नवा नाही. पाऊस महाबळेश्वरला आणि कोयनेच्या पाणलोटात कोसळतो, पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाचे दरवाजे उचलले जातात, कराडला कोयना कृष्णेला मिळते, आणि सांगलीत ऊन पडलेले असतानाही पुलावरची माणसे पातळी बघत उभी असतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. सांगलीपुरता ‘तरच’ सातारा जिल्ह्यात खोटा पडतो, असे लेखक मोठ्या ऐटीत सांगतो.

इथे पेढ्यांबद्दल बोलणे भाग आहे. खरे तर भाग नाही, पण लेखकाला राहवत नाही. समजा, साताऱ्यात एका दुकानावर पाटी आहे: ‘अस्सल कंदी पेढे फक्त येथेच’. शेजारच्या दुकानावर तीच पाटी. हातातला पेढा अस्सल आहे हे a, तो पहिल्या दुकानातला आहे हे e. पहिली पाटी म्हणते a → e. दुसरीच्या मते अस्सल पेढा शेजारच्याकडचा असूच शकत नाही, म्हणून a → ~e. दोन्ही पाट्या एकदम खऱ्या धरल्या तर a असत्यच असावे लागते. म्हणजे दोन्ही दुकानदार सच्चे आहेत आणि जगात अस्सल कंदी पेढा नाही! शिवाय बारकावा असा, की ‘येथेच’ म्हणणारा ‘येथला प्रत्येक पेढा अस्सल’ असे कुठेच म्हणत नाही. फुटाण्याएवढीही हमी न देता त्याने सगळ्या शहराचा पेढा बाद केला. हे सगळे लेखकाने एकदा गल्ल्यावरच्या गृहस्थांना उलगडून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, “पाव किलो देऊ की अर्धा?”

‘शिवाय’ने मात्र लेखकाची घरात पंचाईत केली. बहीण भाचीला म्हणाली होती, “हा धडा संपल्याशिवाय कासला जायचं नाही.” भाचीने रात्री जागून धडा संपवला आणि सकाळी बूट घालून दारात उभी राहिली. बहिणीला त्या दिवशी जमत नव्हते. लेखक मदतीला धावला. k म्हणजे कासला जाणे, d म्हणजे धडा संपणे. ‘धड्याशिवाय कास नाही’ म्हणजे ~d → ~k, म्हणजेच k → d. धडा संपला तर कासला नेऊच, हे d → k झाले. ते तुझी आई बोललेलीच नाही.

“पण मामा, मग मी धडा कशासाठी संपवला?”

याला सत्यता सारणीत रकाना नाही. बहीणही फितूर झाली: “दादा, तू गप्प बस. मला तेच म्हणायचं होतं.” गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये नेमके यावर लिहिले: ‘तू हे केलेस तर मी ते देईन’ हे ऐकणारा ‘नाही केलेस तर नाही’ हेही ऐकतोच, कारण वाक्यच त्याला तिकडे बोलावते. ‘शिवाय’मध्ये आमंत्रण उलट दिशेने येते. अट सांगितली की समोरच्याला वचन ऐकू येते. चिन्हांत लिहिताना ते वचन गाळावे लागते, कारण शब्दांत ते नाही. पण भाची खोटे ऐकत नव्हती.

मग ऑगस्ट 2019 आठवतो. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. पूरग्रस्तांना मोफत धान्य देण्याच्या आदेशात घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट होती, आणि तिच्यावर सडकून टीका झाली. ‘मदत मिळेल, मात्र अट अशी की’ या घडणीचे भाषांतर पुस्तके साध्या ‘जर’ने करतात: अट d, मदत m, तर d → m. तेवढेच धरले, तर दीड दिवस बुडालेल्या घराबद्दल वाक्य काहीच बोलत नाही. त्याला धान्य देण्यास आडकाठी नाही. पण खिडकीपलीकडे ते ~d → ~m असे वाचले जाऊ शकते. आणि अट पूर्ण करणारा माणूस आला की ‘अट पूर्ण केली म्हणजे मिळेलच असे नाही, आणखी कागद आणा’, म्हणजे d → m सुद्धा नाही. दोन्ही वेळा बाण m → d असाच धरायचा, आणि अर्जदाराने मात्र वचन ऐकलेले असते. मातीची भिंत बसायला दोन दिवस लागत नाहीत. तिथे लेखकाला विनोद सुचत नाही.

‘मात्र’ने किंवा कायद्यातल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या परंतुकाला स्वतःचा बाण नसतो, तो लिहिणाऱ्याने द्यावा लागतो. फक्त दार बंद ठेवायचे असेल तर ‘तरच’ पुरतो. दार उघडायचेही असेल, तर ‘ही अट पूर्ण करणाऱ्या कोणालाही नाकारले जाणार नाही’ हे दुसरे वाक्य लागते, आणि दोन्ही मिळून d ↔ m होते. मसुदे लिहिणाऱ्यांनी ते दुसरे वाक्य लिहावे. आणि अर्जावर सही करणाऱ्यांनी, ते नसेल तर, खिडकीवरच विचारावे: अट पूर्ण केली तर मिळणारच का? उत्तर लेखी मागावे.