काच पुसली की माउस रुसतो

नागपूरच्या लकडगंजात लाकूड खडबडीत येतं आणि गुळगुळीत होऊन जातं. आरा मशीन, रंधा, पॉलिशपेपर, सनमायका, पॉलिश अशी सगळी वाट एकाच दिशेनं जाते. बोट फिरवलं तर कुठं अडू नये आणि वाकून पाहिलं तर त्यात आपलं तोंड दिसावं, एवढ्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं. आणि याच बाजारात, चकचकीत काउंटरच्या कोपऱ्यात, एक वस्तू दिवसभर कुरकुरत बसलेली असते. तिला हा गुळगुळीतपणा मुळीच सोसत नाही. ती म्हणजे कॉम्प्युटरचा माउस.

माझ्या ओळखीचं एक प्लायवूडचं दुकान आहे. काउंटरवर जाड काच आणि काचेखाली दुकानाचा सगळा संसार: लक्ष्मी-गणपती, भावाचा कागद, पाहुण्यांची कार्डं, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. हिशेबाचं काम दिवाणजींकडे. टॅलीत ते माउसला हातही लावत नाहीत; त्यांची बोटं कळपाटीवरच पळतात. माउस लागतो तो ई-वे बिल काढताना. तिथं राज्यांच्या यादीतून महाराष्ट्र निवडायला जावं, तर बाण एकदा मध्य प्रदेशावर टेकतो, एकदा मणिपुरावर. खाली टेम्पो भरून उभा, हमाल घाम पुसतायत आणि दिवाणजी सागवानाचा माल चुकून इंफाळला जाऊ नये म्हणून झगडतायत.

गंमत अशी की हे दुखणं सकाळचं. दुपारनंतर तोच माउस बराचसा शहाण्यासारखा वागतो. दिवाणजींनी याचं कारण केव्हाच शोधून ठेवलंय. "सकाळी थंडा असते जी तो. जरासा गरम झाला का बरोबर चालते." नागपूरच्या मे महिन्यातही हे निदान ते बदलत नाहीत.

खरं कारण दुकानातल्या पोऱ्याच्या हातात असतं. सकाळी दुकान उघडलं की तो काच साबणाच्या पाण्यानं लख्ख पुसतो. मग शेजारच्या आरा मशिनीचा भुसा हळूहळू हवेतून येऊन काचेवर बसतो, दहा हातांचे डाग पडतात, चहाच्या कपाची वर्तुळं उमटतात. काच मळत जाते तसा माउस सुधारत जातो.

आजचा साधा माउस मुळात एक कॅमेरा आहे. त्याच्या पोटाखाली लाल उजेड दिसतो, तो नुसता दिवा नाही. त्याच्या शेजारी एक बारीक भिंग आणि त्यावर चिप असते, आणि ती चिप खालच्या टेबलाचे फोटो काढत असते. जुन्या, अगदी साध्या चिपचा आकडा सांगतो: सेकंदाला साधारण 1500 फोटो. एकेक फोटो मात्र अगदी गरीब, 18 आडवे आणि 18 उभे ठिपके, आणि त्यात मावणारा टेबलाचा तुकडा जेमतेम एक मिलिमीटरचा. चिप आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकावर एक सरकवून पाहते आणि कुठं जुळतात ते ठरवते. जितकं सरकवावं लागलं, तितका हात हलला. हात जोरात, सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगानं फिरवला तरी दोन फोटोंमध्ये माउस फक्त 0.2 मिलिमीटर पुढं जातो, म्हणजे फोटोचा चार पंचमांश भाग दोन्हींत तोच असतो. जुळवायला भरपूर वाव आहे. अट एकच, फोटोत जुळवण्याजोगं काहीतरी हवं.

ते काहीतरी दिसावं म्हणून उजेड वरून सरळ टाकत नाहीत, बाजूनं तिरपा, जमिनीलगत टाकतात. संध्याकाळचं ऊन नांगरलेल्या शेतावर आडवं पडलं की प्रत्येक ढेकळाची सावली लांब होते, तसंच हे. साधा कागद आपल्या बोटाला सपाट लागतो, पण या उजेडात त्याचे तंतू डोंगरदऱ्यांसारखे उठून दिसतात. चिपला तेवढं पुरतं.

चकचकीत सनमायकावर ढेकळंच नाहीत. तिरपा आलेला उजेड आरशावरून जावा तसा त्याच कोनात पलीकडे निघून जातो. वरच्या भिंगाकडे वळायला त्याला काही कारणच उरत नाही. चिपला काळोख दिसतो, एखाद्या ठिकाणी नुसता चकाकता डाग. तो डागही माउसबरोबरच सरकतो, कारण तो दिव्याचा आहे, टेबलाचा नाही. मग चिपला वाटतं, हात जागचा हललाच नाही. म्हणून कधी बाण खिळल्यासारखा थांबतो, आणि मध्येच एखादा चरा नजरेला पडला की उडी मारतो.

काचेचं प्रकरण याहून वाईट. तिथला बराचसा उजेड परतही येत नाही आणि पलीकडेही जात नाही, सरळ काचेत शिरतो. दिवाणजींचा यावर बिनतोड वाटणारा मुद्दा होता: "पण खाली तर कॅलेंडर आहे न! त्याला दिसत काहून नाही?" आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही, कारण त्याचं भिंग जवळचं पाहायला बसवलेलं आहे. या जातीच्या चिपमध्ये भिंगाच्या ठरलेल्या पातळीपासून टेबल 2.4 मिलिमीटरवर असावं लागतं आणि इकडेतिकडे जेमतेम 0.1 मिलिमीटरची सूट. काउंटरची काच 8 मिलिमीटर जाड. म्हणजे कॅलेंडर त्याच्या नजरेच्या हिशेबानं दूर गावाला आहे, नुसतं धुकं. शिवाय तिरपा उजेड काचेतून खाली पोचेपर्यंत बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे जिथं भिंग पाहतंय तिथं उजेड नाही आणि जिथं उजेड आहे तिथं भिंग पाहत नाही. सरकारी कचेरीतल्या दोन खिडक्यांची आठवण व्हावी, असा हा कारभार.

यावरचा इलाज सगळ्यांनाच ठाऊक असतो, फक्त तो इलाज आहे हे ठाऊक नसतं. माउस रुसला की दिवाणजी त्याखाली बिलबुक सरकवतात. चालू लागतो. हीच खरी परीक्षा. पांढऱ्या कागदावर नीट चालला तर दोष टेबलाचा. कागदावरही थरथरला, किंवा हात न लावताच बाण जागच्या जागी नाचला, तर उलटा करून पाहावा. लकडगंजात बहुधा भुशाचा एखादा तंतू किंवा केस भिंगाच्या भोकात अडकलेला सापडतो. कोरड्या कापसाच्या काडीनं तो अलगद काढायचा. फुंकर मारू नये, थुंकी आत जाते. काचेवर पसरलेला भुसा माउसचा मित्र आणि भोकात शिरलेला भुसा शत्रू, एवढं लक्षात ठेवलं तर मेकॅनिकचे पैसे वाचतात.

माउसपॅडचं काय? लोकांची समजूत अशी की ती रबराच्या गोळीवाल्या जुन्या माउसची निशाणी, गोळी घसरू नये म्हणून. गोळी गेली, तर पॅडही जायला हवी. पण आता पॅडचं काम बदललं आहे. आता ती चिपला पाहायला शेत पुरवते. बारीक विणीचं, न चमकणारं कापड सर्वांत निर्धोक, कारण त्याची वीण सगळीकडे सारखी आहे पण कुठंच हुबेहूब एकसारखी नाही. रंगाची फार चिंता नको. काळ्या पॅडला लोक उगाच घाबरतात; उजेड कमी पडला की चिप आपोआप फोटोला जास्त वेळ देते. खरी अडचण दिवाळीला भेट म्हणून येणाऱ्या चकचकीत पॅडची. तिच्यावरची प्लॅस्टिकची पापुद्र्याएवढी फिल्म पातळ असल्यानं खालची छपाई नजरेत येते आणि चित्राच्या ठिपक्यांवर माउस चालतोही. पण जिथं कंपनीचा मोठा, सपाट, लालभडक शिक्का असतो, तिथं अडखळतो. लाल उजेडात लाल रंग पांढराच दिसतो, आणि पांढऱ्यावर पांढरं जुळवणार कसं? कापडी पॅडही अमर नाही. मधोमध, जिथं रोज मनगट घासतं, तिथं तेल आणि मळ बसून तिला चकाकी येते, आणि माउस तिथं आला की बाण मंदावतो. कोमट पाणी, थोडा साबण, सावलीत वाळवण; पॅड पूर्वपदावर येते.

महागडे उपायही आहेत. लेझरच्या माउसला चकचकीत सनमायका पुष्कळदा चालते, पण स्वच्छ काच नाही. 2009 मध्ये लॉजिटेकनं डार्कफील्ड नावाचं तंत्र आणलं, ते काचेवरही चालतं, काच निदान 4 मिलिमीटर जाड हवी. त्याची युक्ती मला फार आवडते. ते काच पाहतच नाही, काचेवर राहून गेलेले धुळीचे कण आणि सूक्ष्म चरे काळ्या पार्श्वभूमीवर चमकताना पाहतं. म्हणजे पोऱ्याचं सकाळी जे पुसायचं राहिलं, त्यावर त्याची रोजी.

दिवाणजींसाठी मात्र एवढ्या लांब जायची गरज नव्हती. या चिपच्या कंपनीनं छापलेल्या माहितीपत्रकात एक आलेख असतो: कोणत्या पृष्ठभागावर माउस किती अंतरापर्यंत नीट मोजतो. त्यातल्या रेघांना नावं दिलेली असतात. पांढरा कागद, पिवळट जाड मनिला कागद, अक्रोड आणि गाठींच्या नक्षीचा फॉर्मायका. परदेशातल्या प्रयोगशाळेत कुणीतरी लाकडी नक्षीच्या सनमायकाचे तुकडे टेबलावर मांडून मोजमाप करत बसलं होतं, आणि ते तुकडे इथं काउंटरमागे गठ्ठ्यानं पडलेले असतात.

म्हणून मी नमुन्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलला. जाडी एक मिलिमीटर, रंग अक्रोडी, फिनिश न चमकणारं, स्वेडचं. फार खोल रेषांचा नको, कारण रेषांवर भिंगापासूनचं अंतर वरखाली होतं आणि माउसच्या तळाच्या पट्ट्याही लवकर झिजतात. कडा पॉलिशपेपरनं मारून घेतल्या, नाहीतर मनगटाला कापतात. काचेवर ठेवला, खाली दोन थेंब डिंक. बाण महाराष्ट्रावर गेला आणि तिथंच थांबला.

दिवाणजी खूश झाले, पण त्यांचं जुनं मत काही सोडलं नाही. "हा तुकडा ऊब धरून ठेवते," असं ते आता सांगतात. अडचण फक्त एक झाली आहे. काउंटरवर येणारं गिऱ्हाईक पन्नास पानांचा कॅटलॉग चाळून कंटाळतं, माउसखालच्या तुकड्यावर बोट ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, हा कोणता नंबर?" तो नंबर तुकड्याच्या मागं छापलेला आहे, डिंकाखाली.