चाकणला आले जपानचे मंत्री

चाकणच्या एका कारखान्यात परवा तीन जपानी पाहुणे येऊन गेले. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डांचे फोटो आधीच मिळाले होते. स्वागत समितीने ते भाषांतराच्या ॲपला दाखवले आणि यादी केली: एक मंत्री, एक संचालक, एक प्रतिनिधी. मंत्र्यांना पुणेरी पगडी, संचालकांना शाल-श्रीफळ. प्रतिनिधींना दाराजवळची खुर्ची, म्हणजे ड्रायव्हरला हाक मारायला बरं. जपानी शिष्टाचारात दारापासून सर्वांत लांबची खुर्ची ही मानाची, हे समितीला कोण सांगणार?

त्यातले मंत्री होते 'बुचो', म्हणजे खात्याचे प्रमुख. हे पद जपानीत ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, त्यांचाच चिनीतला अर्थ मंत्री. चीनमध्ये दुसरं अक्षर सुटसुटीत करून लिहितात, त्यामुळे फरक कळतो. तैवानमध्ये मात्र ते जपानसारखंच जुन्या वळणाचं. आणि या कार्डाच्या तळाशी तैपेईच्या शाखेचा पत्ता होता. तो चिनीत, म्हणून ॲपने अख्खं कार्ड चिनी ठरवलं आणि विभागप्रमुखांचा शपथविधी उरकला. संचालकांचंही तेच. ते 'शुनिन', जपानी उतरंडीत तळाजवळची पायरी. चिनी वाचलं तर कार्यालयप्रमुख.

दाराजवळच्या पाहुण्यांच्या कार्डावर तैपेई नव्हतं, त्यामुळे ॲपने ते जपानीच वाचलं आणि अक्षरशः 'प्रतिनिधी संचालक' असं दिलं. समितीला 'प्रतिनिधी' म्हटल्यावर औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसणारा माणूस आठवला. प्रत्यक्षात जपानी कायद्यानुसार कंपनीच्या वतीने करार करण्याचा अधिकार असतो तो याच संचालकाला. ज्यांच्या सहीसाठी मांडव घातला, ते चपलांच्या रांगेशेजारी बसले होते.

पदनामाचं शब्दशः भाषांतर करू नये, हे आपल्याला घरच्या बाबतीत बरोबर कळतं. खासगी बँकेत मजल्यागणिक एक व्हाइस प्रेसिडेंट सापडतो; त्याला कोणी उपराष्ट्रपती म्हणत नाही.

खरं तर कार्ड उलटलं असतं तरी भागलं असतं. मागे कंपनीने स्वतःच इंग्रजीत 'जनरल मॅनेजर' छापलं होतं, आणि कंपनीने आपल्या माणसाला दिलेलं नाव असताना ॲपला विचारायचं कारण नाही. फोटो एकाच बाजूचा असेल तर कंपनीच्या नावात 'काबुशिकी काइशा' आहे का, कुठे जपानी कानालिपीची अक्षरं आहेत का, पदाच्या ओळीजवळचा फोन ८१ ने सुरू होतो की तैवानच्या ८८६ ने, हे पाहायचं आणि प्रत्येक ओळीची भाषा वेगळी ठरवायची.

पाहुणे गेल्यावर अहवालासाठी यादी दुरुस्त झाली. 'महाव्यवस्थापक' मंजूर, 'कराराचे अधिकार असलेले संचालक' मंजूर. 'शुनिन'साठी 'कनिष्ठ पर्यवेक्षक' सुचवलं, तेव्हा लेखा विभागाने फाइल परत पाठवली: कनिष्ठांना शाल देण्याची तरतूद नाही, सबब 'संचालक' कायम ठेवावे.