आत शिरायचे नव्वद रुपये

मेट्रोचं भाडं अंतरावर ठरतं म्हणतात. बाहेर पडताना ते खरंही आहे. आत शिरताना मात्र लांबचा-जवळचा, सगळ्यांना एकच माप.

बंगळुरूचंच बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली भाडेवाढ झाली. दोन किलोमीटरपर्यंत १० रुपये, चारपर्यंत २०, असं चढत चढत पंचवीसच्या पुढे ९०. सोबत स्मार्ट कार्डातली किमान शिल्लकही ९० रुपयांवर नेली.

म्हणजे समजा, कार्डात ८६ रुपये आहेत आणि जायचंय तीन किलोमीटर. भाडं २० रुपये, कार्डाची पाच टक्के सूट धरून १९. पैसे चौपटीहून जास्त.

गेट उघडत नाही.

कारण आत जाताना गेट पैसे कापतच नाही. कार्डाच्या चिपवर फक्त स्टेशन आणि वेळ लिहितं. तुम्ही कुठे उतरणार, त्याला काय माहीत? बाहेरचं गेट ती नोंद वाचतं, दोन स्टेशनांमधलं भाडं तक्त्यात बघतं आणि तेवढेच कापतं. शिल्लक कमी पडली तर माणूस आतच अडकतो, मागे रांग लागते. ती टाळायची म्हणून दारातच सर्वात लांबच्या प्रवासाचे पैसे दाखवा म्हणायचं.

बरं, सर्वात लांबच्या तरी किती? ९० वर पाच टक्के सूट, म्हणजे साडेपंच्याऐंशी. आपल्या त्या कार्डात ८६ आहेत. वेळेची मर्यादा ओलांडली नाही, तर या मेट्रोवरचा कुठलाही प्रवास त्यात बसतो. मग अडवता कशासाठी?

फोनवरून रिचार्ज करा, असं सुचवतील. केला. बँकेतून पैसे गेले, मेसेज आला, गेट तरीही बंद! शिल्लक असते चिपवर, फोनवरून भरलेले पैसे असतात सर्व्हरवर. ते गेटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि कार्ड टेकवल्याखेरीज चिपवर चढत नाहीत. घाईत असाल तर खिडकीच गाठा. तिथलं यंत्र थेट कार्डावर लिहितं. आणि रात्री घरी बसून भरलेले पैसे सकाळपर्यंत पोहोचलेले असतात.

रांगेची भीती खोटी नाही. पण तिला दुसरा उपाय आहे, आणि तो जुना आहे. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून चालतं. कार्ड देतानाच अनामत घेतात. शिल्लक शून्याच्या वर असली की आत सोडतात. उतरताना पैसे कमी पडले तर ठरावीक मर्यादेपर्यंत उणे जाऊ देतात आणि पुढच्या रिचार्जमधून वळते करतात. कार्ड परत आलंच नाही तर अनामत आहेच.

तीन किलोमीटरवाल्याला पंचवीस किलोमीटरचा जामीन द्यावा लागत नाही.