दोन दिवसांच्या करंजीचा मूर्खपणा

दिवाळीच्या भेटखोक्याचं नाव कसं असावं, हे शहाण्या बाजाराला पाठ आहे. ‘शाही’, ‘राजवैभव’, ‘सुवर्ण’ यांपैकी एक शब्द घ्यायचा, त्याखाली परंपरा आणि समृद्धीची दोन वाक्यं टाकायची आणि आत काय आहे ते खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत छापायचं. रे रोड स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या गाळ्यात बायकांचा एक गट फराळ करतो आणि त्यांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिते. आमच्या तिन्ही खोक्यांची नावं अशी आहेत: ‘घरी न्यायचा फराळ’, ‘चार वाजताचा चहा’ आणि ‘दोन दिवसांची करंजी’. धंद्याच्या हिशेबात याला मूर्खपणाच म्हणतात. त्या मूर्खपणाची स्तुती करायला मी बसले आहे.

दारूखान्याकडच्या एका लोखंडाच्या पेढीचे खरेदी बघणारे गृहस्थ म्हणाले, “ताई, नाव जरा वजनदार द्या. डबा साहेबांच्या टेबलावर जाणार.” आमच्या गटातल्या काकूंनी त्यांना चिवड्याची पिशवी काट्यावर ठेवून दाखवली. अडीचशे ग्रॅम. “वजन हे घ्या,” त्या म्हणाल्या. काकू हे गंमत म्हणून बोलल्या नव्हत्या. लोखंडाचा व्यापारी नग आणि वजन तपासल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. मग फराळाच्या खोक्यावरही तेच लिहिलेलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्या खोक्याची चिठ्ठी अशी आहे: “घरी न्यायचा फराळ. भाजणीच्या चकल्या १०, पातळ पोह्यांचा चिवडा २५० ग्रॅम, बेसनाचे लाडू ६. प्रत्येक पदार्थ वेगळ्या पिशवीत. चकलीची पिशवी उघडली की उरलेल्या चकल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.” ‘घरगुती फराळ’ हे शब्द यात कुठेच नाहीत, आणि ते मुद्दाम वगळलेत. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे जे नियम आहेत, त्यांत ‘घरी केलेलं’, ‘घरी शिजवलेलं’ असे ग्राहकाचा गैरसमज करणारे शब्द वापरू नयेत असं म्हटलं आहे. गाळ्यात मोठ्या कढईत तळलेल्या चकलीला घरची म्हणणं म्हणजे गैरसमजच. घेणारा माणूस ती घरी मात्र नक्की नेतो, म्हणून नाव तसं ठेवलं. ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘शुद्ध’ असे शब्द ब्रँडच्या नावातच घालायचे असतील, तर हे केवळ नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे, असा खुलासा त्याच खोक्यावर छापावा लागू शकतो. एवढ्या खटाटोपानं आपलंच नाव खोडायचं शहाणपण आम्हाला परवडत नाही.

पिशव्या वेगळ्या ठेवण्याचं कारण चकलीत आहे. चकली हवेतला ओलावा पटकन ओढते. मुंबईत ऑक्टोबरचा उकाडा असतो, आणि रे रोड तर बंदराच्या कडेलाच. एकाच ताटलीवर चकलीशेजारी रवा-नारळाचा लाडू ठेवून वरून एकच चकचकीत कागद गुंडाळला, की लाडवातला ओलावा चकलीत जातो आणि ती सादळते. सादळलेली चकली मोडताना आवाज करत नाही, आधी वाकते आणि मग तुटते. बेसनाच्या लाडवात पाणी जवळपास नसतं, म्हणून त्याच्यामुळे चकली सादळत नाही, पण उन्हात टेम्पो उभा राहिला की त्याचं तूप सुटतं आणि पुठ्ठ्यावर डाग पडतो. राजवैभवाचा सोनेरी खोका अशा डागांनी लवकर उघडा पडतो, आमच्या खाकी खोक्याला त्याचं काही वाटत नाही.

दुसरा खोका ऑफिसातल्या मंडळींनी वाटून खाण्यासाठी. “चार वाजताचा चहा. शेव, शंकरपाळे, भाजके पोहे घालून केलेला चिवडा. खोबरं नाही. टेबलावर उघडा, सगळ्यांना द्या.” ‘खोबरं नाही’ हे दोन शब्द लिहू नका, उणेपणा दिसतो, असा सल्ला मला मिळाला होता. पण चिवड्यात बहुधा आधी खवट होतात ते तळलेल्या सुक्या खोबऱ्याचे काप, आणि त्यांच्यामागून शेंगदाणे. पिशवी उघडताच नाक जवळ नेलं तर जुन्या तेलाचा वास येतो, आणि तोंडात घातल्यावर जिभेच्या मागे कडवटपणा राहतो. कंपन्या फराळ दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी मागवतात आणि तो कपाटात ठेवतात. अशा ठिकाणी खोबरं न घालणं हाच त्या चिवड्याचा मोठा गुण आहे, आणि गुण चिठ्ठीवर लिहावा लागतो.

तिसरा खोका सगळ्यांत वेडा, आणि माझा सगळ्यांत आवडता. “दोन दिवसांची करंजी. ओल्या नारळाच्या करंज्या ८. ज्या दिवशी तळल्या त्याच दिवशी पोचवतो. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत संपवा. शिवडी, कॉटन ग्रीन, माझगाव, डॉकयार्ड रोड एवढ्याच भागात.” ओल्या नारळाचं सारण कितीही परतलं तरी त्यात पाणी राहतंच. ते पाणी पारीत उतरतं आणि करंजी आधी मऊ, मग आंबूस होते. सुक्या खोबऱ्याची करंजी बरेच दिवस टिकते, म्हणून शहाणा विक्रेता तीच विकतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण ओल्या नारळाच्या करंजीची चव तिला येत नाही. आमच्या गाळ्यातल्या बायका ही करंजी विकतात, आणि ती लवकर संपवा असं मोठ्या अक्षरांत सांगून विकतात. अंधेरीहून मागणी आली तर नाही म्हणतात.

याच गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्या बायका गिरणी कामगारांना जेवण घालत, महिन्याच्या हिशेबानं. त्यांच्या जेवणाला नाव नव्हतं. माणूस रोज ताटावर बसून खात असे आणि कुठे बिघडलं तर तिथेच सांगत असे. उलट २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं रेशनवरच्या फराळाच्या सामानाला ‘आनंदाचा शिधा’ असं भरघोस नाव दिलं खरं, पण रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो, एक लिटर पामतेल आणि सगळं शंभर रुपयांत, ही यादी शिधापत्रिकेवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ झाली. शहाण्या खोक्यांवर नेमकी हीच यादी सापडत नाही.

पेढीच्या गृहस्थांनी शेवटी एक आग्रह धरला: साहेबांसाठीच्या खोक्यात अत्तराची एक कुपी घाला. काकूंनी हिशेब मांडला. फराळावर जीएसटी पाच टक्के, अत्तरावर अठरा. निरनिराळ्या दराच्या वस्तू एकाच किमतीत एका खोक्यात विकल्या, की सगळ्यांत चढा दर पूर्ण खोक्याला लागतो. म्हणजे चकलीवरही अठरा टक्के. भेट म्हणून फुकट वाटलेल्या मालावरचा हा कर कंपनीला वजाही करून घेता येत नाही. कुपी वेगळी घ्या, वेगळं बिल करा, म्हणाल्या. गृहस्थांनी कुपी काढून टाकली आणि पहिला खोका चाळीस, दुसरा दहा अशी ऑर्डर दिली. करंजीचे तीनच घेतले, कारण साहेब माझगावला राहतात आणि त्यांच्या घरी खाणारी माणसं भरपूर आहेत.